चौपन्न मुलं, तीन चेंडू आणि फरशीचा एक चौक : फेक-झेलीच्या तासाचं प्रकरण

हे प्रकरण एका शाळेतल्या एकाच वर्गाचं आहे. वर्गाचा पट चौपन्न, मुलं अकरा-बारा वर्षांची. शाळेला मैदान नाही. इमारतीच्या मधोमध फरशी घातलेला एक चौक आहे, १६ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद. त्याच्या एका लांब बाजूला सव्वादोन मीटर रुंदीचा व्हरांडा आहे आणि तो चौकापेक्षा एका पायरीने उंच आहे. दुसऱ्या लांब बाजूला सरळ भिंत आहे. चौकाच्या एका टोकाला दुसऱ्या वर्गाच्या खिडक्या उघडतात. साहित्य म्हणाल तर टप्पा खाणारे तीन चेंडू आणि खडू. तास ३५ मिनिटांचा असतो आणि तो घ्यायला बाई एकट्याच.

बाईंना फेकणं आणि झेलणं शिकवायचं होतं. त्यांची आधीची पद्धत बहुतेक अशा शाळांत दिसते तीच होती: नऊ-नऊ जणांचे दोन संघ, एक चेंडू, सहा-सहा मिनिटांचे तीन डाव आणि बाकीचे छत्तीस जण व्हरांड्याच्या कडेवर बसलेले. मुलं खूश असत, आरडाओरडा भरपूर होई, त्यामुळे तास रंगला असंच वाटे. मी तो तास कडेला बसून पाहिला तेव्हा चारच मुलांवर नजर ठेवली: दोन चपळ, दोन मागे राहणारी. आळीपाळीने दर वीस सेकंदांनी एकाकडे बघायचं आणि त्या क्षणी ते बसलंय, उभं आहे की हलतंय एवढंच टिपायचं. थॉमस मॅकेन्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली शारीरिक शिक्षणाच्या तासांच्या निरीक्षणासाठी जी पद्धत मांडली, तिचंच हे सोपं रूप. वही आणि घड्याळ एवढ्यावर भागतं.

नोंदी स्पष्ट होत्या. ३५ मिनिटांत एक मूल सरासरी पाचेक मिनिटं हलत होतं. चपळ मुलांच्या हाती चेंडू पुन्हा पुन्हा येत होता. मागे राहणाऱ्या दोघांपैकी एका मुलीच्या हाती तो पूर्ण तासात एकदाच आला आणि तोही तिने लगेच दुसऱ्याला देऊन टाकला. म्हणजे झेलायला शिकायची ज्यांना सगळ्यांत जास्त गरज, त्यांनाच झेलायला सगळ्यांत कमी मिळत होतं. मुख्याध्यापकांकडे आणखी दहा चेंडू मागावेत असं बाईंच्या मनात होतं. पण त्या चौकात टप्पा खाणारे तेरा चेंडू एकदम सोडले तर काय होईल, हे डोळ्यांसमोर आणलं की ती मागणी मागे पडते. आधी जागेचा हिशोब करायला हवा होता.

चौकाच्या कडेने एक मीटर जागा मोकळी सोडायची, कारण धावतं मूल भिंतीपाशी एका पावलात थांबत नाही. उरते १४ बाय ६, म्हणजे ८४ चौरस मीटर. चौपन्न मुलांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दीड चौरस मीटर येते. या वयाच्या मुलाने दोन्ही हात पसरले की अंतर साधारण त्याच्या उंचीएवढं होतं, म्हणजे १४० सेंटिमीटरच्या आसपास. तेव्हा या चौकात सगळा वर्ग हात पसरून उभा राहू शकतो, पण जागा सोडून हलू शकत नाही. पुढचं सगळं नियोजन यावरून ठरलं. सगळ्यांनी एकदम करायचं ते फक्त जागच्या जागी. ज्यात हालचाल आहे, ते निम्म्या वर्गाने करायचं आणि उरलेल्या निम्म्यांना त्याच वेळी व्हरांड्यात खरं काम द्यायचं, असं काम की ज्यात बसून राहणं नाही.

जागच्या जागीच्या भागासाठी फरशीवर खडूने ठिपके काढले. चौकाच्या लांबीत नऊ ठिपके दीड मीटर अंतराने, रुंदीत सहा ठिपके सव्वा मीटरच्या आतबाहेर. प्रत्येक मुलाचा ठिपका ठरलेला. याचा पहिला फायदा असा की चौकात आल्यावर रांगा लावायला जाणारा वेळ वाचला. मुलं थेट ठिपक्यावर जातात आणि हजेरी म्हणजे रिकामा ठिपका शोधणं. खडू रोज पुसला जातो, म्हणून नंतर ठिपक्यांची जागा रंगाने पक्की केली. हात पसरायचे ते फक्त लांबीच्या दिशेने, म्हणून सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. तोंड दुसरीकडे वळलं की शेजारच्याला हात लागलाच.

मग वर्गाच्या अठरा तिकड्या केल्या. जोड्या का नाहीत, असं बाईंनी विचारलं होतं. जोडीत एक फेकतो, एक झेलतो आणि चूक कुणालाच दिसत नाही. तिकडीत तिसरा बघतो. शिवाय सत्तावीस मुलांच्या नऊ तिकड्या होतात, म्हणजे एका वेळी नऊच चेंडू लागतात. तीन आपल्याकडे होतेच, उरले सहा.

हे सहा चेंडू मोज्यांचे केले. पहिला प्रयत्न कागदाचा होता: रद्दी चुरगळून वर चिकटपट्टी. तो फसला आणि का फसला ते सांगण्यासारखं आहे. कागदी गोळा फार हलका होतो. हलका चेंडू चार मीटरवर पोचवायला मूल हात मागे नेत नाही, छातीपासून ढकलतं. समोरचाही तो दोन बोटांनी पकडतो. दोघांनाही चुकीची सवय लागते. शिवाय ओल्या फरशीवर पडला की त्याचा लगदा. म्हणून जुन्या मोज्यात कापडाच्या चिंध्या ठासून भरल्या, तोंडाला गाठ मारली, वर दुसरा मोजा उलट बाजूने चढवला आणि शिवून टाकला. व्यास दहा सेंटिमीटर, वजन १२० ते १३० ग्रॅम. दोन्ही हातांत नीट बसेल इतका मोठा, फेकताना हातात जाणवेल इतका जड आणि तोंडावर बसला तरी इजा होणार नाही इतका मऊ. दोन जादा करून ठेवले, कारण शिवण उसवतेच. चिंध्या सैल झाल्या की चेंडू लांबट होतो. महिन्यातून एकदा सगळे दाबून बघावे लागतात.

मोज्याच्या चेंडूचा खरा गुण मात्र वेगळाच. तो टप्पा खात नाही. सुटला तर पडला तिथेच राहतो. अरुंद जागेत सगळ्यांत जास्त वेळ आणि सगळ्यांत जास्त टकरा कशात होत असतील तर सुटलेल्या चेंडूमागे धावण्यात. तो प्रश्न इथे उरतच नाही. म्हणून माझं मत असं की चांगले चेंडू पुरेसे असते, तरी या चौकात फेक-झेलीसाठी मी मोज्याचेच चेंडू घेतले असते. आणि जे तीन खरे चेंडू आहेत, ते सगळ्यांत थोडे थोडे वाटण्याऐवजी जे काम फक्त टप्प्यानेच होतं त्यालाच राखून ठेवावेत.

आता चौकाची मांडणी. लांबीतले नऊ मीटर फेकीच्या सहा पट्ट्यांना दिले, प्रत्येक पट्टा दीड मीटर रुंद. फेकणारा व्हरांड्याच्या बाजूला आणि झेलणारा भिंतीकडे, चार मीटरवर. नियम एकच आणि तो मोडायचा नाही: चेंडू हवेतून जाईल तो फक्त भिंतीच्या दिशेने, परत येईल तो जमिनीवरून घरंगळत. त्यामुळे सहाही पट्ट्यांत चेंडू एकाच दिशेने उडतात, सुटलेला भिंतीपाशी पडतो आणि व्हरांड्यातल्या मुलांकडे काही येत नाही. तिसरं मूल झेलणाऱ्याच्या खांद्याच्या रेषेत, पट्ट्याच्या कडेला उभं. सहा फेकी झाल्या की जागा बदलायच्या: फेकणारा झेलायला, झेलणारा बघायला, बघणारा फेकायला.

पट्ट्यांच्या शेजारी एक मीटर मोकळं सोडून, खिडक्यांपासून लांबच्या टोकाला चार बाय सहा मीटरचा कोपरा उरतो. तो तीन खऱ्या चेंडूंचा. तिथे तीन तिकड्या, प्रत्येक तिकडीला एक चेंडू आणि अडीच मीटर अंतराच्या तीन खुणा. चेंडू टप्पा देऊन पास करायचा आणि पास दिला की आपली खूण सोडून बाहेरून फिरून परत यायचं. टप्प्यानंतर चेंडू कुठे आणि किती उंच येईल हे डोळ्याने ताडणं इथे शिकायचं असतं आणि ते मोज्याच्या चेंडूने शिकवता येत नाही. हा कोपरा दर तासाला वेगळ्या तिकड्यांना मिळतो, त्यामुळे तीन तासांत सगळ्यांची पाळी येते. एकाच तासात सगळ्यांना खरा चेंडू द्यायचा हट्ट सोडला, म्हणून बदलाबदलीत जाणारी पाच-सहा मिनिटं वाचली.

उरलेल्या नऊ तिकड्या व्हरांड्यात. दार आणि जिना सोडून साडेतेरा मीटर लांबी मिळते, म्हणजे प्रत्येक तिकडीला दीड मीटरचा तुकडा. त्या तुकड्यात तिघांची तीन कामं: एक जण पायरीवर चढ-उतार करतो, एक जण भिंतीला हात टेकून दंड काढतो आणि मधला एका पायावर तोल सांभाळत उभा राहतो. चाळीस सेकंद काम, दहा सेकंदांत बदल. दोरीवरच्या उड्या मुद्दाम ठेवल्या नाहीत. एक तर दोरी फिरवायला दीड मीटर रुंदी पुरत नाही. दुसरं म्हणजे फरशीवर सारख्या उड्या मारणं नडगीला आणि टाचेला जड जातं, शिवाय खालच्या-वरच्या वर्गांना आवाज जातो. पायरीच्या चढ-उताराने दम तितकाच लागतो आणि पाय अलगद टेकतो. पायरी चढताना पूर्ण पाऊल वर टेकतंय का हे मात्र बघावं लागतं. नुसता चवडा टेकवून घाई करणारं मूल घसरतं.

तासाची वाटणी अशी झाली: वर्गातून येणं आणि ठिपक्यांवर उभं राहणं चार मिनिटं, जागच्या जागी अंग गरम करणं चार, पहिली पाळी नऊ, अदलाबदल दोन, दुसरी पाळी नऊ, शेवटी ठिपक्यांवर येऊन श्वास संथ करणं आणि एखादा प्रश्न तीन, परत जाणं चार.

पहिल्या तासाला अदलाबदलीलाच सहा मिनिटं गेली. सत्तावीस मुलं पायरीवरून खाली उतरत होती आणि सत्तावीस त्याच पायरीवरून वर चढत होती. पुढच्या तासापासून एक वाट ठरली: खाली यायचं ते जिन्याच्या टोकाने, वर जायचं ते दुसऱ्या टोकाने. चेंडू हातात घेऊन जायचा नाही, पट्ट्याच्या फेकीच्या रेषेवर ठेवून जायचा. इतक्याने काम दोन मिनिटांवर आलं. शिट्टी बंद केली, कारण खिडकीच्या वर्गातल्या शिक्षकांची तक्रार रास्त होती. बाईंनी हात वर केला की ज्याला दिसेल त्याने आपलाही हात वर करायचा. आठ-दहा सेकंदांत चौक शांत होतो.

दुसरी अडचण बारकाईची होती आणि शिकवण्याच्या दृष्टीने तीच खरी. बघणारी मुलं नुसती बघत होती. या पद्धतीला, म्हणजे एकाने करायचं आणि दुसऱ्याने बघून सांगायचं याला, शारीरिक शिक्षणात जुना आधार आहे. मस्का मॉस्टन यांनी १९६६ साली शिकवण्याच्या ज्या शैली मांडल्या, त्यांत ही एक आहे. तिची एक अट बहुतेक ठिकाणी विसरली जाते: शिक्षकाने करणाऱ्याला सुधारायचं नाही, बघणाऱ्याशी बोलायचं. बाई मात्र सवयीने थेट झेलणाऱ्याकडे जाऊन त्याचे हात धरून दाखवत. तसं झालं की बघणारा आपलं काम संपलं असं समजून भिंतीला टेकतो.

मग प्रत्येक पट्ट्यावर एक पुठ्ठा ठेवला. त्यावर दोनच प्रश्न. छातीच्या वर आलेला चेंडू घेताना अंगठे जवळ होते का? चेंडू हातात आल्यावर कोपर वाकले का? पुढच्या तासांना प्रश्न बदलले (कमरेखालच्या झेलीला करंगळ्या जवळ, फेकताना उलट बाजूचा पाय पुढे), पण एका वेळी दोनच. एका पट्ट्यावरचं बोलणं मी ऐकलं ते असं:

“काय रे, कसा झेलतोय तो?”

“चांगला झेलतो, बाई.”

“ते झालं. कोपरं वाकतात का त्याची?”

मुलगा गप्प झाला. त्याने पुढच्या दोन झेली नीट पाहिल्या. “नाही बाई, हात ताठच आहेत. म्हणून चेंडू उडून बाहेर येतोय.”

“मग मला कशाला सांगतोस? त्याला सांग.”

त्याने सांगितलं, आणि सांगताना स्वतःचे हात पुढे करून कोपर मागे घेऊन दाखवले. पाळी बदलून तो झेलायला आला तेव्हा त्याचे स्वतःचे हात वाकत होते. बघण्याचं काम दिलेल्या मुलाचा वेळ वाया जातो, ही शंका बाईंची गेली ती इथे. पण पुठ्ठ्यावर पाच-सहा प्रश्न लिहिले की मुलं ते वाचत बसतात आणि “सगळं बरोबर” म्हणून मोकळी होतात, हेही दुसऱ्याच तासाला दिसलं.

खऱ्या चेंडूंच्या कोपऱ्यात वेगळीच गडबड झाली. दोन चपळ मुलं आपसातच पास देत राहिली आणि तिसरं नुसतं खुणांभोवती फिरत राहिलं. हे लांबून ओळखायची खूण आहे: ज्याला चेंडू मिळत नाही ते मूल हात शरीराजवळ घेतं आणि चेंडूकडे न बघता आजूबाजूला बघायला लागतं. उपाय म्हणून पास देण्याची दिशा ठरवून दिली, नेहमी डावीकडच्यालाच. दिशा ठरली की निवडीचा प्रश्नच राहत नाही. पुढे सराव झाल्यावर दिशा मोकळी करता येते.

सहा तासांच्या या मालिकेच्या शेवटी पुन्हा तशाच चार मुलांवर नजर ठेवून नोंदी घेतल्या. पट्ट्यावर साधारण आठ सेकंदांना एक फेक होते. जागा बदलण्याचा आणि सुटलेल्या चेंडूंचा वेळ धरला तरी नऊ मिनिटांत एका तिकडीच्या पन्नासएक फेकी होतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सोळाच्या आसपास फेकी आणि तितक्याच झेली. आधी जिच्या हाती एकदाच चेंडू आला होता, तिलाही तेवढ्याच मिळतात, कारण आता ते तिच्या चपळाईवर अवलंबून नाही. हलण्याचा वेळ पाचेक मिनिटांवरून तेराच्या पुढे गेला.

तेरा मिनिटं पुरेशी नाहीत, हे सांगितलंच पाहिजे. तासाचा निम्मा वेळ तरी दम लागेल अशा हालचालीत जावा असं या क्षेत्रात मानतात. ३५ मिनिटांच्या तासात ती साडेसतरा मिनिटं होतात आणि इथल्या तेरातला बराच भाग दम लागण्याइतका जोरदारही नाही. पट्ट्यावरची फेक-झेल हे कौशल्याचं काम आहे, त्याने छाती भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी साठ मिनिटांची मध्यम ते जोरदार हालचाल सांगितली आहे. या चौकातून ती मिळणार नाही. म्हणून शेवटच्या दोन तासांना व्हरांड्यातलं तोलाचं काम काढून तिथे गुडघे वर घेत जागच्या जागी धावणं ठेवलं, चवड्यावर, आवाज न करता. पहिल्या चार तासांत तोल ठेवला होता कारण मुलांना फिरतीची सवय व्हायची होती आणि दमलेल्या मुलांकडून फिरती नीट होत नाही.

काही गोष्टी या जागेत शिकवताच येत नाहीत. लांब फेक, पूर्ण वेगाने धावणं, मोकळी जागा शोधत खेळला जाणारा सांघिक खेळ. त्यांची नुसती आठवण म्हणून छोटी नक्कल इथे घुसवू नये असं मला वाटतं. ८४ चौरस मीटरात नऊ-नऊचा सामना खेळवला की मुलं मोकळी जागा शोधायला शिकत नाहीत, गर्दीत ढकलायला शिकतात. सामना हवाच असेल तर तीन-तीनचा, वर्गाच्या निम्म्या भागाचा, कोपऱ्यातच, आणि चेंडू मोज्याचा.

पायाने चेंडू खेळण्याच्या पुढच्या मालिकेला ही मांडणी जशीच्या तशी चालणार नाही. पायाने मारलेला चेंडू एकाच दिशेने जाईल याची खात्री देता येत नाही आणि चार मीटरवरून जोरात मारायला इथे जागा नाही. तिथे मोज्याचा चेंडू पायाखाली ठेवून ओढणं, थांबवणं, वळवणं एवढंच पट्ट्यात घ्यायचं बाईंनी ठरवलं आहे. त्याला तिकडीला एक चेंडू कमी पडतो, प्रत्येकाला एक हवा. पट्ट्यात अठरा मुलं आणि हाताशी आठ चेंडू, म्हणजे आणखी दहा शिवावे लागतील.

मुख्याध्यापकांकडे अखेर मागणी गेली ती चेंडूंची नव्हती. ती तीन गोष्टींची होती. या तासाच्या वेळी चौकात आणि जिन्यावर दुसरा वर्ग नको. खिडकीच्या वर्गाला त्या वेळी शांततेचा विषय नको. आणि तासाआधी चौक झाडलेला हवा, कारण फरशीवरची बारीक माती ओल्या फरशीइतकीच घसरवते. पहिल्या दोन वेळापत्रक हलवून मिळाल्या. झाडण्याचं काम प्रत्येक तासाला एका तिकडीकडे आलं. ते येण्याच्या चार मिनिटांत बसतं, फक्त ती तिकडी वर्गातून सर्वांत आधी निघायला हवी.